गावात दिसलेला कैदी सुटला की रजेवर आला? फर्लो, पॅरोल आणि माफीचा हिशोब

मागच्या पोळ्याला आमच्या शेजारच्या गावात एक माणूस दिसला आणि दुपारपर्यंत तीन गावांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बोंब झाली, "अमका सुटला!" बांधाच्या भांडणातून झालेल्या मारहाणीत त्याला सात वर्षांची शिक्षा लागलेली. ज्याच्या डोक्यात कुऱ्हाड बसली होती त्या घरातल्या काकू संध्याकाळी माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "भाऊ, तू बातम्या देतोस ना? हा एवढ्यात सुटलाच कसा? कोणी पैसे खाल्ले?"

तो सुटला नव्हता, फर्लोवर आला होता. एकवीस दिवसांनी त्याला परत कारागृहाच्या गेटवर उभं राहायचं होतं. पण पारावर कोणी म्हणालं पॅरोल, कोणी म्हणालं जामीन, कोणी म्हणालं सरकारने माफी दिली. ह्या सगळ्या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. त्यात गोंधळ झाला की फिर्यादीच्या घरचे विनाकारण घाबरतात आणि कैद्याच्या घरचे चुकीचा अर्ज करून वर्ष घालवतात. म्हणून आज हे सविस्तर लिहितोय.

आधी एक गोष्ट बाजूला काढू. ज्याचा खटला अजून चालू आहे, म्हणजे जेलच्या भाषेत जो कच्चा कैदी आहे, त्याला फर्लो नाही, पॅरोल नाही आणि माफीही नाही. त्याला बाहेर यायचं तर कोर्टाकडून जामीनच घ्यावा लागतो. घरात मयत झालं तरी त्याच्यासाठी वकिलाने कोर्टातच तात्पुरत्या जामिनाचा अर्ज टाकायचा असतो. खालचं सगळं शिक्षा लागलेल्या पक्क्या कैद्यासाठी आहे.

फर्लो म्हणजे कमावलेली रजा

सरकारी कागदावर फर्लोला 'संचित रजा' म्हणतात आणि पॅरोलला 'अभिवचन रजा'. आपल्या राज्यात दोन्हींचे नियम 1959 सालचे आहेत, मुंबई फर्लो आणि पॅरोल नियम या नावाचे. त्यात पुढे बरेच बदल झाले, 2016 आणि 2018 मध्ये मोठे झाले. पण गाभा तोच आहे.

फर्लोला कारण लागत नाही. हे नीट लक्षात घ्या, कारण इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात. माणूस वर्षानुवर्षं आत राहिला तर घर तुटतं, पोरं ओळखत नाहीत, डोकं फिरतं. तसं होऊ नये म्हणून चांगलं वागणाऱ्या कैद्याला ठरावीक काळ आत काढल्यावर थोडे दिवस घरी पाठवायचं, असा त्यामागचा विचार आहे. त्यामुळे अर्जात आईला आजारी पाडायची गरज नाही. 'घरच्या लोकांत राहायचंय' एवढं पुरतं. आमच्या भागातले शेतकरी कैदी हा अर्ज मृगाच्या तोंडावर यावा असा बघतात, ते याच कारणाने. पेरणीसाठी म्हणून पॅरोल आपल्याकडे मिळत नाही. हरियाणाच्या 1988 च्या कायद्यात नांगरणी, पेरणी, कापणी ही कारणं स्पष्ट लिहिलेली होती. आपल्या नियमात तशी नाहीत. मग पेरणी फर्लोत बसवायची.

पात्रता कशी येते? शिक्षा एक वर्षापेक्षा जास्त हवी. पाच वर्षांपर्यंतची शिक्षा असेल तर एक वर्ष प्रत्यक्ष भोगल्यावर अर्ज करता येतो. शिक्षा त्यापेक्षा मोठी असेल किंवा जन्मठेप असेल तर पहिल्या फर्लोसाठी जास्त थांबावं लागतं. 1959 च्या मूळ नियमात एका वेळी दोन आठवडे मिळायचे. पुढे ते वाढले आणि आता मंजुरीच्या आदेशात 21 किंवा 28 दिवस असे आकडे दिसतात. आपल्या कैद्याला नेमके किती आणि कधी, हे त्याच्या शिक्षेवर आणि भोगलेल्या वर्षांवर ठरतं. जेलचं कार्यालय ते सांगतं.

मंजुरी देतात कारागृह उपमहानिरीक्षक, म्हणजे जेल खात्याचेच विभागीय साहेब. पण त्यांच्या टेबलावर फाईल जाण्याआधी ती आपल्या पोलीस ठाण्यात येते, आणि खरी गंमत तिथे होते. बीट अंमलदार गावात येतो. कैद्याला घरात ठेवून घेणारा आणि जामीनदार राहणारा नातेवाईक आहे का, हे विचारतो. पोलीस पाटलाला विचारतो, शेजाऱ्यांना विचारतो आणि फिर्यादीच्या घरच्यांचा जबाब घेतो. मग 'शिफारस आहे' किंवा 'शिफारस नाही' असा अहवाल वर जातो.

नातेवाईकच जामीनदार हवा. तो नसेल तर फर्लो अडकते. आमच्या तालुक्यातल्या एका कैद्याचा अर्ज फक्त एवढ्यावर पडला, की पोलीस आले त्या दिवशी भाऊ ऊसतोडीला गेलेला होता आणि घरात म्हातारी एकटी. तिने घाबरून सांगून टाकलं, "मला काही माहीत नाही साहेब." अहवालात लिहून आलं, नातेवाईक ठेवून घ्यायला तयार नाहीत. अर्ज जेलमधून पाठवला की कैदी फोनवर किंवा मुलाखतीत घरी सांगतो. तेव्हाच घरच्यांनी ठाण्यात जाऊन जामीनदाराचं आधार कार्ड, रेशन कार्ड दाखवून ठेवलं तर ही वेळ येत नाही.

फर्लो सगळ्यांना नाही. दरोडा, जबरी चोरी अशा गुन्ह्यांत शिक्षा झालेले, सराईत गुन्हेगार, जेलमध्ये वर्तन खराब असलेले, आधी पळालेले किंवा पळायचा प्रयत्न केलेले हे नियमातच वगळलेत. आणि सगळ्यात जास्त अर्ज पडतात ते 'सार्वजनिक शांततेला धोका' या एका ओळीवर. फर्लो हा कैद्याचा पक्का हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये याच 1959 च्या नियमांवर बोलताना सांगितलंय. ते गुजरातमधलं प्रकरण होतं, कारण जुन्या मुंबई राज्याचे हे नियम तिकडेही चालतात. पण हक्क नाही म्हणजे साहेबाची मर्जी, असंही नाही. नुसतं 'धोका आहे' असं मोघम लिहून अर्ज फेकता येत नाही, धोका कशावरून ते अहवालात आलं पाहिजे, असं सांगून उच्च न्यायालयाने नकाराचे आदेश रद्द केलेले आहेत.

हे फिर्यादीच्या बाजूनेही लागू आहे. काकूंना मी तेच सांगितलं. पोलीस जबाब घ्यायला आले तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "आम्हाला भीती वाटते." बस्स, एवढंच. त्याच्या भावाने मागच्या दिवाळीत काय धमकी दिली, कोणासमोर दिली, ते सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर निदान 'या गावात यायचं नाही, दुसऱ्या नातेवाइकाकडे राहायचं' किंवा 'ठाण्यात हजेरी लावायची' अशी अट मागता आली असती.

पॅरोल म्हणजे कारणाची रजा

पॅरोल कारणावर मिळतो. कारण खरं आहे का हे तपासलं जातं आणि कारण संपलं की रजा संपली. आपल्या नियमात त्याचे दोन भाग आहेत.

एक तातडीचा. घरात मयत झालं, आई, बाप, बायको, मुलं, भाऊ, बहीण यांपैकी कोणी गेलं, किंवा मुलाचं-बहिणीचं लग्न आहे, तर हा मागायचा. मयताच्या बाबतीत निर्णय जेलच्या अधीक्षकाच्या पातळीवरच होतो, म्हणून तो लवकर होऊ शकतो. मोकळं सोडायचं, रोज ठाण्यात हजेरी लावायला सांगायची की पोलीस बंदोबस्तात न्यायचं, हे मंजुरी देणारा ठरवतो. यात घरच्यांची एक चूक नेहमी होते. मयत झालं की सगळे अंत्यविधीच्या धावपळीत, आणि जेलला कळवायचं राहून जातं. फोनवरचं सांगणं पुरत नाही. ग्रामपंचायतीचा किंवा दवाखान्याचा मृत्यूचा कागद आणि पोलीस पाटलाचा दाखला घेऊन एका माणसाने त्याच दिवशी कारागृहाकडे किंवा निदान पोलीस ठाण्याकडे निघालं पाहिजे.

दुसरा नियमित पॅरोल. जवळच्या माणसाचा गंभीर आजार, बायकोचं बाळंतपण, पुराने किंवा आगीने घर पडणं, अशी कारणं त्यात येतात. हा अर्जही जेलमधूनच जातो, पण मंजुरीची फाईल विभागीय आयुक्तांकडे जायची पद्धत आहे आणि मध्ये पोलिसांची चौकशी असते, त्यामुळे वेळ लागतो. नकार येतो तो बहुतेक दोन वाक्यांत: 'आजार गंभीर नाही' किंवा 'घरात काळजी घेणारे इतर लोक आहेत'. म्हणून दाखल्यावर नुसतं 'उपचार चालू' असं नको. आजार काय, शस्त्रक्रिया कोणत्या तारखेला, कुठल्या दवाखान्यात, आणि कैद्याने हजर असणं का गरजेचं, हे लिहून घ्या. शक्यतो सरकारी रुग्णालयाचा कागद घ्या. गल्लीतल्या क्लिनिकच्या चिठ्ठीवर पोलीस विश्वास ठेवत नाहीत, आणि खोटे दाखले एवढे झालेत की त्यांना दोष देता येत नाही.

कारणांची यादी अगदी दगडावर कोरलेली आहे असंही नाही. जुलै 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जन्मठेपेच्या एका कैद्याला मुलगा शिकायला परदेशी निघाला म्हणून, त्याच्या फीची व्यवस्था करायला आणि त्याला निरोप द्यायला पॅरोल दिला. दुःखात घरी जाऊ देता तर आनंदात का नाही, असा न्यायालयाचा मुद्दा होता. पण त्यासाठी त्या माणसाला उच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, हे विसरू नका.

आता मुख्य फरक, जो पारावर कोणालाच माहीत नव्हता. फर्लोचे दिवस शिक्षेत धरले जातात, पॅरोलचे धरले जात नाहीत. फर्लोवर घरी 21 दिवस राहिलात तर शिक्षेचे 21 दिवस कमी झाले. पॅरोलवर 30 दिवस राहिलात तर ते 30 दिवस शेवटी पुन्हा आत काढायचे. घड्याळ फर्लोत चालू राहतं आणि पॅरोलमध्ये थांबतं. म्हणून जाणता कैदी फर्लोवर भागत असेल तर पॅरोल मागत नाही.

कोरोनात हाच फटका हजारोंना बसला. मे 2020 मध्ये राज्य सरकारने नियमात बदल करून गर्दी कमी करायला आपत्कालीन पॅरोल दिला. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेले, आणि मोठ्या शिक्षेतले पण आधीच्या दोन्ही वेळी वेळेवर परतलेले कैदी बाहेर आले. आधी 45 दिवस, मग तीस-तीस दिवसांची वाढ, असं करत ते मे 2022 पर्यंत चाललं. मग सरकारने परत या म्हणून सांगितलं. घरी दोन वर्षं राहिलेल्या अनेकांना वाटत होतं की शिक्षा दोन वर्षांनी कमी झाली. तसं नव्हतं. कोरोनातल्या पॅरोलचा काळ शिक्षेत धरता येणार नाही, हे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हरियाणाच्या एका प्रकरणात स्पष्ट केलं.

माफी म्हणजे शिक्षेतून वजा होणारे दिवस

फर्लो आणि पॅरोल या रजा आहेत, त्यात माणूस परत जातो. माफीत तसं नाही. माफी म्हणजे शिक्षेतूनच दिवस कमी होणं. काही कागदांवर याला 'सूट' म्हणतात.

ठरावीक वर्षांची शिक्षा असेल तर माफीचं काम साधं आहे. आपल्याकडे त्याचे 1962 चे वेगळे नियम आहेत. चांगल्या वागणुकीचे महिन्याला काही दिवस, नेमून दिलेलं काम पूर्ण केल्याचे काही दिवस, वर्षभर एकही शिक्षा झाली नाही तर वेगळे, असे दिवस जमा होत जातात. कैदी वॉचमन, वॉर्डर असा नेमला गेला किंवा मोर्शी, पैठणसारख्या खुल्या कारागृहात शेतीकामाला गेला तर माफी जास्त पडते. याशिवाय सरकार अधूनमधून विशेष माफी जाहीर करतं. स्वातंत्र्याच्या अमृत महोत्सवात 15 ऑगस्ट 2022, 26 जानेवारी 2023 आणि 15 ऑगस्ट 2023 असे तीन टप्पे झाले होते.

2016 मध्ये संजय दत्त येरवड्यातून साधारण आठ महिने लवकर सुटला तेव्हा आमच्याकडेही चर्चा झाली, की मोठ्यांना वेगळा कायदा. पाच वर्षांच्या शिक्षेत वागणूक आणि कामाची माफी साठत गेली तर एवढे दिवस होऊ शकतात. गरीब कैद्यालाही ते होतात. फक्त त्याच्या घरच्यांना ते मोजता येत नाहीत आणि कोणी मोजून सांगत नाही.

म्हणून एक हिशोब करून दाखवतो. माणूस काल्पनिक आहे, पण रीत खरी आहे.

समजा एकाला 1 मार्च 2018 ला अटक झाली, जामीन मिळाला नाही, आणि पुढच्या वर्षी सात वर्षं सक्तमजुरी लागली. निकालाआधी आत काढलेले दिवस शिक्षेत धरतात. त्यामुळे शिक्षा 1 मार्च 2018 पासूनच मोजायची आणि ती संपते 28 फेब्रुवारी 2025 ला. आता पॅरोल बघू. कोरोनात तो 20 मे 2020 ला बाहेर आला आणि 20 मे 2022 ला परत गेला, म्हणजे 730 दिवस घड्याळ थांबलं. शिक्षेची शेवटची तारीख गेली 28 फेब्रुवारी 2027 वर. 2024 मध्ये आईच्या ऑपरेशनला 30 दिवस पॅरोल घेतला. तारीख झाली 30 मार्च 2027. फर्लोवर तो तीन वेळा 21 दिवस येऊन गेला. त्याचा काही परिणाम नाही, ते दिवस शिक्षेतच गेले.

आता माफी. समजा त्याच्या खात्यावर 380 दिवस जमा आहेत. 30 मार्च 2027 मधून ते वजा केले की सुटकेची तारीख येते 15 मार्च 2026. दंडाची रक्कम भरलेली असेल तर. दंड भरला नसेल तर निकालपत्रात त्याबदली जी कैद लिहिली आहे ती वेगळी काढावी लागते. पाच हजाराच्या दंडापायी तीन-तीन महिने जास्त बसलेली माणसं आहेत, आणि घरच्यांना माहीतच नसतं की दंड भरायचा राहिलाय.

आता याच हिशोबात एक चूक घालू. तिसऱ्या फर्लोला पोराला ताप होता म्हणून तो सहा दिवस उशिरा परतला. ते सहा दिवस शिक्षेत धरले जाणार नाहीत, म्हणजे शेवट 5 एप्रिल 2027. वर जेलची शिक्षा म्हणून उशिराच्या एका दिवसाला पाच दिवसांपर्यंत माफी कापली जाते. सहा दिवसांचे तीस दिवस कापले, खात्यावर राहिले 350. सुटका आता 20 एप्रिल 2026 ला. सहा दिवसांच्या मोहाला छत्तीस दिवस गेले. शिवाय उशिरा परतणाऱ्यावर पूर्वी भादंविच्या कलम 224 खाली नवा गुन्हा लागायचा, आता ते भारतीय न्याय संहितेत कलम 262 आहे. पुढची फर्लो आणि पॅरोल धोक्यात येते ते वेगळंच. पोराचा ताप खरा असेल तर मुदत संपायच्या आधी दवाखान्याच्या कागदासह मुदतवाढीचा अर्ज द्यावा लागतो. आणि मंजुरी हातात आली नाही तर परत जायचं. 'अर्ज दिलाय' म्हणून घरी बसणाऱ्यांचीच माफी सगळ्यात जास्त कापली गेली आहे.

जन्मठेपेचं वेगळं आहे

"जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं" हे आपल्याकडे लहान पोरालाही पाठ आहे, आणि ते चूक आहे. जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत कैद. गांधीहत्येच्या खटल्यातल्या गोपाळ गोडसेने माफी धरून आपली वीस वर्षं झाली, आता सोडा, असा दावा केला होता. 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. माफीचे दिवस कितीही साठले तरी सरकारने आदेश काढल्याशिवाय जन्मठेपेचा कैदी आपोआप सुटत नाही, असं तेव्हा ठरलं आणि आजही तेच आहे. गोडसेची सुटका पुढे 1964 मध्ये सरकारच्या आदेशानेच झाली.

मग चौदाचा आकडा कुठून आला? फाशीची शिक्षाही होऊ शकली असती अशा गुन्ह्यात, म्हणजे मुख्यतः खुनात, जन्मठेप लागली असेल तर किमान चौदा वर्षं प्रत्यक्ष आत काढल्याशिवाय सरकारला माफी देऊन सोडता येत नाही. हे पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 433-अ मध्ये होतं. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 475 मध्ये आहे. म्हणजे चौदा वर्षं ही सुटण्याची तारीख नाही, ती पूर्ण झाल्यावर दार ठोठावता येतं एवढंच. या चौदात माफीचे दिवस मिळवता येत नाहीत. खटल्याच्या काळात आत काढलेले धरतात. पॅरोलचे वगळावे लागतात, आणि ही गोष्ट 2023 मध्ये आपल्या शेजारच्या गोव्यातल्या कैद्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिली. कोरोनात दोन वर्षं घरी असलेल्या जन्मठेपेच्या कैद्याची चौदा वर्षं म्हणूनच सोळाव्या वर्षी भरतात.

त्यानंतर राज्याची मार्गदर्शक तत्त्वं लागतात. 1992 ची आहेत, 2010 ची आहेत. गुन्हा कसा होता, रागाच्या भरात की कट करून, बळी बाई होती की लहान मूल, किती क्रूरपणा होता, यावरून कैद्याला कॅटेगरी लावतात. कोणाला माफी धरून 22 वर्षं, कोणाला 24, कोणाला 26, कोणाला त्याहून जास्त. कोणतं धोरण लावायचं हे साधारणपणे शिक्षा लागली त्या तारखेवरून ठरतं, आणि नंतरचं धोरण जास्त सवलतीचं असेल तर त्याचा विचार व्हावा, असं सर्वोच्च न्यायालयाचं म्हणणं आहे. जेलचे अधीक्षक प्रस्ताव करतात, त्यावर पोलिसांचा, जिल्हा प्रशासनाचा आणि शिक्षा देणाऱ्या न्यायालयाचा अभिप्राय येतो, आणि शेवटी गृहखातं आदेश काढतं. माझ्या मते सगळ्यात मोठा अन्याय या कॅटेगरीतच होतो. बांधावर एका क्षणात झालेला खून 'पूर्वनियोजित' म्हणून खतवला तर चार-पाच वर्षं जास्त जातात. म्हणून निकालपत्राची पूर्ण प्रत घरात ठेवा. न्यायाधीशाने हेतूबद्दल काय लिहिलंय, त्यावर हा वाद लढता येतो.

कोणत्या राज्याच्या सरकारने सोडायचं, हेही महत्त्वाचं आहे. बिल्किस बानो प्रकरण गुजरातमधलं, पण खटला मुंबईत चालला होता. गुजरात सरकारने 15 ऑगस्ट 2022 ला त्यातल्या 11 जणांना माफी देऊन सोडलं. 8 जानेवारी 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं, कारण ज्या राज्यात शिक्षा झाली त्याच राज्याच्या सरकारला तो अधिकार आहे. आणि त्या सगळ्यांना परत जेलमध्ये जावं लागलं. सुरतेला किंवा हैदराबादला कामाला गेलेला आपला माणूस तिकडे शिक्षा लागून बसला असेल तर मंत्रालयात खेटे घालून उपयोग नाही, तो हे यावरून समजून घ्यावं.

एक चांगली गोष्ट अलीकडे झाली. 18 फेब्रुवारी 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की जिथे माफीचं धोरण आहे तिथे कैदी पात्र झाला की सरकारने स्वतःहून त्याचा विचार करायचा, त्याने अर्ज केला नाही म्हणून थांबायचं नाही. कागदावर हे छान आहे. तरी तारीख जवळ आली की घरच्यांनी मुलाखतीला जाऊन 'प्रस्ताव गेला का, कुठे आहे' हे विचारत राहावं.

अर्ज पडला तर

नकाराचा आदेश लेखी मिळतो, त्याची प्रत मागून घ्या, त्यात कारण असतं. फर्लो नाकारली तर पुण्यात कारागृह महानिरीक्षकांकडे अपील करता येतं. तिथेही झालं नाही तर उच्च न्यायालयात याचिका, आणि ती कैदी जेलमधूनही पाठवू शकतो. वकिलाला द्यायला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, त्यासाठी 15100 हा नंबर आहे. माफीच्या हिशोबाची शंका असेल तर कैद्याने आपल्या हिस्टरी टिकीटवरच्या नोंदी बघून मुलाखतीत घरी सांगाव्यात: पॅरोलचे एकूण दिवस किती लागलेत, माफी किती जमा आहे, कापली असेल तर कशासाठी, आणि दंड भरलेला दिसतोय का. या चार आकड्यांवरून वर दाखवलेली वजाबाकी कोणीही करू शकतं.

काकूंना मी हे सगळं ओट्यावर बसून सांगितलं. त्यांनी शेवटी एकच विचारलं, "मग तो खरंच कधी सुटणार?" मी म्हटलं, त्याचे पॅरोलचे दिवस आणि माफी मला माहीत नाही, पण कागदावरची सात वर्षं धरून बसू नका. तो माणूस एकविसाव्या दिवशी सकाळच्या एसटीने परत गेला. बसस्टँडवर त्याच्या आईने भाकरीचं गाठोडं दिलं. काकू तेव्हा समोरच्या दुकानात मीठ घ्यायला आल्या होत्या, त्या बस हलेपर्यंत तिथेच उभ्या होत्या.